सर्दीच्या औषधाची परीक्षा

पावसाळ्याच्या आरंभी वर्गातील निम्मी मुले नाक ओढीत बसलेली असतात, हे दृश्य कोणत्याही शिक्षकास नवीन नाही. कोणाच्या घरी सुंठीचा काढा होतो, कोणाच्या घरी गवती चहा, तर कोणाची आजी कपाळाला सुंठ उगाळून लावते. चारपाच दिवसांनी सर्व मुले बरी होतात, आणि प्रत्येक घरी आपल्याच औषधाचा जयजयकार होतो. ज्याने काहीच घेतले नाही, तोही बरा झालेलाच असतो. पण त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

आपल्याकडे एक म्हण आहे : कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. फांदी मुळातच किडलेली होती. ती मोडणारच होती. नेमका त्याच क्षणी कावळा येऊन बसला, म्हणून लोकांनी त्याला बलवान ठरविले. सर्दीच्या औषधांची गोष्ट पुष्कळदा अशीच असते. सर्दी हा विषाणूंमुळे होणारा रोग आहे. आपले शरीर त्या विषाणूंशी झगडते आणि बहुधा आठवड्याभरात त्यांना हटविते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास सर्वांत अधिक असतो, आणि त्यानंतर तो आपोआप उतरू लागतो. आता विचार करा, मनुष्य औषध केव्हा घेतो? पहिल्या शिंकेला कोणी वैद्याकडे धावत नाही. नाक पूर्ण चोंदले, डोके जड झाले, रात्री झोप लागेनाशी झाली, म्हणजे मग औषधाची आठवण होते. म्हणजे कावळा नेमका फांदी मोडण्याच्या बेतात असतानाच येऊन बसतो!

म्हणून केवळ 'औषध घेतले आणि बरे वाटले' एवढ्यावरून शास्त्रज्ञ काही ठरवीत नाहीत. ते माणसांचे दोन गट करतात. एका गटाला औषध देतात, दुसऱ्याला देत नाहीत, आणि दोन्ही गटांतील सर्दी किती दिवस टिकली हे मोजतात. कोणी कोणत्या गटात जायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवितात. नाही तर धट्टीकट्टी माणसे एकीकडे आणि अशक्त माणसे दुसरीकडे जायची, आणि मग औषधाची परीक्षा न होता माणसांचीच परीक्षा व्हायची.

एवढे केले तरी एक अडचण उरते. गट लहान असतील तर चिठ्ठ्यासुद्धा फसवू शकतात. हे आपण एका हिशेबाने पाहू. समजा, दहा-दहा मुलांचे दोन गट आहेत, आणि औषध म्हणून नुसते रंगीत पाणी दिले आहे. सर्वांची सर्दी सारखी नसते. कोणाची चार दिवसांत जाते, कोणाची दहा दिवस रेंगाळते. आता चिठ्ठ्यांच्या योगायोगाने पहिल्या गटात चार दिवसांत बरी होणारी तीन मुले आली, आणि दुसऱ्या गटात त्यांच्या जागी दहा दिवस लागणारी तीन आली. बाकीची मुले दोन्हीकडे सारखीच आहेत. तिघांचे प्रत्येकी सहा दिवस, म्हणजे एकूण अठरा दिवसांचा फरक पडला. तो दहा मुलांत वाटला, तर सरासरी जवळजवळ दोन दिवसांनी कमी झाली. रंगीत पाण्याने सर्दी दोन दिवस आधी बरी होते, असे कोणीही मोठ्या विश्वासाने सांगेल! परंतु तोच प्रयोग शंभर-शंभर मुलांवर केला, तर त्या तीन मुलांचे अठरा दिवस शंभरांत वाटले जातील, आणि फरक जेमतेम चारपाच तासांचा राहील. मोठ्या गटात योगायोग लपून बसू शकत नाही, तो विरून जातो. लहान प्रयोगात यशस्वी ठरलेले औषध मोठ्या प्रयोगात का फसते, याचे एक कारण हे होय. शिवाय ज्या लहान प्रयोगांत काहीच घडत नाही, त्यांची वार्ता सहसा कोणाच्या कानी येत नाही. ज्यात काही घडल्यासारखे दिसते, तेच चहूकडे गाजतात.

आता एक खरीखुरी हकीकत सांगतो. ती क जीवनसत्त्वाची आहे. हे जीवनसत्त्व आवळ्यात, पेरूत आणि लिंबात असते, हे तुम्ही शास्त्राच्या पुस्तकात वाचलेच असेल. ते शरीराला अवश्य लागते. ते फार दिवस मिळाले नाही, तर हिरड्यांतून रक्त येऊ लागते. त्याविषयी वाद नाही. वाद होता तो असा : रोजच्या गरजेच्या अनेक पटींनी ते घेतले, तर सर्दी टळते काय?

स्वित्झर्लंड देशात रिट्झेल नावाच्या एका डॉक्टरांनी याचा प्रयोग केला, आणि त्याचा वृत्तांत 1961 साली प्रसिद्ध झाला. आल्प्स पर्वतात बर्फावरून घसरत जाण्याच्या खेळासाठी शाळकरी मुलांची शिबिरे भरत. तेथे 279 मुलांवर हा प्रयोग झाला. 139 मुलांना रोज एक ग्रॅम क जीवनसत्त्व मिळाले आणि 140 मुलांना दिसायला तशाच, पण औषध नसलेल्या गोळ्या मिळाल्या. शिबीर संपले तेव्हा पहिल्या गटात सतरा मुलांना सर्दी झाली होती, आणि दुसऱ्या गटात एकतीस मुलांना. शंभरांचे प्रमाण काढले तर एकीकडे बारा आणि दुसरीकडे बावीस. फरक डोळ्यांत भरणारा होता, यात शंका नाही.

पुढे 1970 साली लायनस पॉलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञांनी क जीवनसत्त्व आणि सर्दी यांवर एक पुस्तक लिहिले, आणि त्यात या प्रयोगावर मोठा भर दिला. पॉलिंग हे सामान्य गृहस्थ नव्हते. रसायनशास्त्राचे 1954 चे आणि शांततेचे 1962 चे, अशी दोन नोबेल पारितोषिके त्यांना मिळाली होती. असा मनुष्य बोलू लागला म्हणजे लोक ऐकतातच. अमेरिकेत दुकानोदुकानी क जीवनसत्त्वाच्या बाटल्या खपू लागल्या.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. प्रयोग झाला होता तो कडक थंडीत, दिवसभर अंगमेहनत करणाऱ्या मुलांवर, आणि तोही जेमतेम एका शिबिराच्या मुदतीत. घरात राहून कचेरीत जाणाऱ्या माणसाला तोच अनुभव येईल, असे त्यावरून ठरत नाही. पाण्यात पोहणाऱ्याला उपयोगी पडलेली गोष्ट रस्त्याने चालणाऱ्याला उपयोगी पडेलच, असे कोण म्हणेल? पण उत्साहाच्या भरात ही शंका फार थोड्यांनी घेतली.

ज्यांनी ती घेतली, त्यांत अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे डॉक्टर होते. ही संस्था वॉशिंग्टन शहराजवळ बेथेस्डा येथे आहे. तेथील कार्लोव्स्की, चाल्मर्स आणि त्यांचे सहकारी यांनी आपल्याच संस्थेतील 311 कर्मचाऱ्यांवर एक दीर्घ प्रयोग केला. तो नऊ महिने चालला. काहींना रोज तीन ग्रॅम क जीवनसत्त्व मिळे. काहींना त्याऐवजी दुधातील साखर. दोन्ही वस्तू एकसारख्या दिसणाऱ्या कुप्यांत भरलेल्या होत्या. ही कुपी म्हणजे गिळण्याजोगी लहानशी पोकळ गोळी. सर्दी झाली, तर आणखी तीन ग्रॅम किंवा तितकीच साखर द्यावयाची, असेही ठरले होते.

ज्या गोळीत औषध नाही, पण जी औषधासारखी दिसते, तिला प्लासिबो म्हणतात. हा मूळचा लॅटिन शब्द असून 'मी संतोष देईन' असा त्याचा अर्थ आहे. ती द्यायची कशासाठी, हे कळले म्हणजे पुढची गंमत कळेल. तुम्ही आंधळी कोशिंबीर खेळता, तेव्हा ज्याच्यावर राज्य असते त्याच्या डोळ्यांवर पट्टी घट्ट बांधता. पट्टी सैल राहिली आणि त्याला फटीतून दिसू लागले, तर खेळाला अर्थ राहत नाही. औषधाच्या परीक्षेतही अशीच पट्टी बांधावी लागते. आपल्याला औषध मिळाले की साखर मिळाली, हे घेणाऱ्याला कळता कामा नये. आणि देणाऱ्या डॉक्टरलाही कळता कामा नये, नाही तर तो एकाची विचारपूस आशेने करील आणि दुसऱ्याची उदासपणे. सर्दीच्या बाबतीत तर ही काळजी फारच अवश्य आहे. ताप उष्णतामापकाने मोजता येतो; पण 'घसा किती खवखवतो?' 'आज बरे वाटते का?' या प्रश्नांचे उत्तर रोग्यानेच द्यायचे असते. आपल्याला उत्तम औषध मिळाले आहे असे ज्याला वाटते, तो पाचव्या दिवशी म्हणतो, "झाली की बरी!" आणि आपल्याला नुसती साखरच मिळाली असे ज्याला कळले, तो तेवढ्याच सर्दीने म्हणतो, "अजून जरा नाक वाहतेच आहे."

बेथेस्डा येथील प्रयोग संपला. सर्दी होण्याच्या संख्येत विशेष फरक आढळला नाही. पण सर्दीच्या मुक्कामात फरक दिसला. ज्यांना आरंभापासून शेवटपर्यंत साखर मिळाली, त्यांची सर्दी सरासरी 7.1 दिवस टिकली. ज्यांना शेवटपर्यंत क जीवनसत्त्व मिळाले, त्यांची 5.9 दिवस टिकली. जवळजवळ सव्वा दिवस वाचला! एखाद्याने येथेच पुस्तक मिटले असते आणि क जीवनसत्त्वाचा विजय जाहीर केला असता.

परंतु या डॉक्टरांनी एक साधा प्रश्न विचारला होता : तुम्हांला काय मिळाले असे तुम्हांला वाटते? उत्तरे पाहून ते चकित झाले. पुष्कळ जणांनी ते बरोबर ओळखले होते. कसे? त्यांनी कुपी फोडून आतील पूड जिभेवर ठेवली होती. क जीवनसत्त्व आंबट, आणि दुधातील साखर गोडसर. डोळ्यांवरील पट्टी बळकट होती, पण जिभेवर पट्टी बांधायची राहून गेली! साखरेच्या जागी एखादी निरुपद्रवी आंबट वस्तू भरली असती, तर चवीवरून ओळखणे इतके सोपे झाले नसते. आपल्याला साखर मिळते हे कळल्यावर काही जण कंटाळून प्रयोग सोडून गेले असावेत. कारण शेवटपर्यंत 190 जणच उरले, आणि सोडून जाणाऱ्यांत साखरेच्या गटातील लोक अधिक होते.

मग डॉक्टरांनी नोंदी पुन्हा मांडल्या. ज्यांना आपली कुपी ओळखता आली नव्हती, त्यांना एकीकडे काढले. त्यांच्यात औषध घेणारे आणि साखर घेणारे यांच्या सर्दीच्या मुक्कामात जवळजवळ काहीच फरक नव्हता. तो सव्वा दिवस मुख्यतः कुपी ओळखणाऱ्या मंडळींत सापडला. हे निष्कर्ष त्यांनी 1975 साली प्रसिद्ध केले, आणि आपल्या प्रयोगाची पट्टी सैल राहिली होती हे त्यात मोकळेपणाने लिहिले. माझ्या मते त्या वृत्तांतातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. कारण तो प्रश्न त्यांनी विचारलाच नसता, तर ही उणीव कोणाच्या ध्यानातही आली नसती.

तथापि एक चतुर विद्यार्थी येथे हात वर करील. तो म्हणेल, "गुरुजी, ज्यांची सर्दी लवकर बरी झाली, त्यांनी त्यावरूनच तर्क केला नसेल कशावरून, की आपल्याला औषध मिळाले असणार? मग ओळखल्यामुळे बरे वाटले की बरे वाटल्यामुळे ओळखले?" शंका अगदी रास्त आहे. पुढे फिनलंडमधील हेमिला नावाच्या संशोधकांनी या प्रयोगाच्या नोंदी नव्याने तपासल्या, आणि सगळा फरक केवळ ओळखण्यामुळे पडला असे म्हणता येत नाही, असा आक्षेप 1996 साली घेतला. यावरून एवढे मात्र निश्चित होते, की पट्टी एकदा सैल झाली म्हणजे औषधाचा वाटा किती आणि मनाचा वाटा किती, हे नंतर कितीही आकडेमोड केली तरी नेमके वेगळे काढता येत नाही.

मनाचा हा वाटा खरोखर असतो काय? अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात बॅरेट आणि त्यांचे सहकारी यांनी तो वेगळा मोजून पाहण्याचा प्रयत्न केला. त्यांचा वृत्तांत 2011 साली प्रसिद्ध झाला. सर्दी झालेल्या 719 जणांनी त्यात भाग घेतला. त्यांतील सर्वांत लहान बारा वर्षांचे, म्हणजे तुमच्याच वयाचे होते. औषध होते इचिनेशिया नावाच्या वनस्पतीचे. तिकडे सर्दीवर ते घरोघरी घेतात. त्यांनी दोनऐवजी चार गट केले. एका गटाला कोणतीच गोळी दिली नाही. दोन गटांना गोळ्या दिल्या, पण त्यांत औषध आहे की नाही हे सांगितले नाही. एकीत होते, दुसरीत नव्हते. चौथ्या गटाला मात्र 'हे इचिनेशियाच आहे' असे उघड सांगून दिले. सर्व मंडळी एकत्र घेतली, तर चारही गटांत सर्दी सरासरी सहा-सात दिवसच टिकली, आणि जो थोडा फरक पडला तो योगायोगानेही पडू शकला असता.

पण प्रयोगापूर्वी त्यांनी प्रत्येकाला विचारून ठेवले होते, की या वनस्पतीवर तुमचा विश्वास किती? ज्यांचा विश्वास मोठा होता असे 120 जण निघाले. त्यांच्यात एक विलक्षण गोष्ट दिसली. ज्यांना औषधावाचूनची गोळी मिळाली, त्यांची सर्दी गोळी न मिळालेल्यांपेक्षा सुमारे अडीच दिवस आधी संपली. गोळीत औषध नव्हते. विश्वास तेवढा होता. यालाच प्लासिबोचा परिणाम म्हणतात. त्या विश्वासाने विषाणू मेले, असा मात्र याचा अर्थ करू नये. सर्व गटांतील लोकांची नाके धुऊन त्या पाण्यातील दाहाच्या खुणाही तपासण्यात आल्या होत्या; त्यांत गटागटांमध्ये निश्चित म्हणावा असा फरक आढळला नाही. रोग्याला आपली सर्दी कशी जाणवते आणि ती संपली असे तो केव्हा म्हणतो, यावर विश्वासाचा परिणाम होत असावा.

आणि हो, 120 माणसे चार गटांत वाटली, तर एकेका गटात सुमारे तीसच उरतात. वर आपण दहा मुलांचा जो हिशेब केला, तो येथेही आठवला पाहिजे. औषधाला जी कसोटी लावायची, तीच प्लासिबोलाही लावणे न्यायाचे होईल.

मग क जीवनसत्त्वाचे शेवटी काय झाले? एकामागून एक प्रयोग होत गेले. 2013 साली हेमिला आणि त्यांचे सहकारी यांनी अशा प्रयोगांची एकत्र छाननी केली. सर्व मिळून अकरा हजारांहून अधिक माणसे त्यांत होती. सामान्य जीवन जगणाऱ्या लोकांना रोज क जीवनसत्त्व दिल्याने सर्दी होण्याचे टळत नाही, असे दिसून आले. सर्दी सुरू झाल्यावर ते घेतले, तर खात्रीने सांगता येईल असा गुण आढळला नाही. सर्दी नसतानाही जे ते रोज घेत होते, त्यांची सर्दी थोडी लवकर संपली. पण मोठ्या माणसांत हा फरक शेकडा आठ एवढाच होता. सात दिवसांच्या सर्दीत तो जेमतेम अर्ध्या दिवसाचा होतो. मुलांत तो शेकडा चौदा, म्हणजे एका दिवसाच्या आसपास होता.

एका प्रकारच्या लोकांत मात्र सर्दीचे प्रमाण खरोखरच निम्म्यावर आले. ते होते लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावणारे, कडाक्याच्या थंडीत कवायत करणारे सैनिक, आणि बर्फावरून घसरत जाणारे खेळाडू. आल्प्स पर्वतातील ती शाळकरी मुले या शेवटच्या मंडळींतच मोडतात.